दुपारची बैठक आणि पडद्यावरचा फिकट काळा

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर किंवा विजयनगरात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या कार्यालयांच्या इमारती पाहिल्या, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. बाहेरून काच, आत पांढरे छत, पांढऱ्या भिंती आणि छतात एलईडीचे चौकोनी दिवे. अशा इमारतीतील बैठकीच्या खोलीत दुपारी चार वाजता प्रोजेक्टर सुरू केला की आलेखातील निळी आणि हिरवी रेघ सारखीच दिसू लागते, तक्त्यातील करड्या अक्षरांतील आकडे नाहीसे होतात आणि कोणीतरी ‘प्रोजेक्टर कमजोर आहे’ असा निष्कर्ष काढतो. मग अधिक ल्युमेनचा प्रोजेक्टर किंवा महागडा पडदा मागवला जातो. पुष्कळदा त्यानंतरही चित्र तेवढेच फिकट राहते. पणजी, मडगाव किंवा वेर्ण्यातील नव्या कार्यालयांतही हेच घडताना दिसते. दोष कोणाचा, हे समजून घेण्यासाठी इंदूरमधील अशीच एक नमुनेदार खोली डोळ्यांसमोर ठेवून पूर्ण हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल.

काळा रंग कोठून येतो?

प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे पडद्याचा असा भाग, जिथे प्रोजेक्टर जवळजवळ काहीच पाठवत नाही. तिथे डोळ्यांना जे दिसते ते खोलीतील उजेडात दिसणारे पडद्याचे स्वतःचे रूप असते. म्हणून प्रोजेक्टर बंद असताना पडदा जितका पांढरा दिसतो, त्याहून अधिक काळा रंग त्या खोलीत त्या वेळी मिळणे शक्य नाही. दुपारच्या खोलीची ही सर्वांत सोपी परीक्षा होय. प्रोजेक्टर बंद करावा, सर्वांत मागच्या खुर्चीवर बसावे आणि पडद्याकडे पाहावे.

हाच विचार आकड्यांत मांडता येतो. पडद्यावर प्रोजेक्टरचा जो प्रकाश पडतो त्यात खोलीचा उजेड मिळवावा आणि येणाऱ्या बेरजेला नुसत्या खोलीच्या उजेडाने भागावे. जो आकडा येईल तो चित्राचा प्रत्यक्ष कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा आणि काळा यांतील फरक. प्रोजेक्टरच्या खोक्यावर छापलेला दहा हजारास एक किंवा लाखास एक हा आकडा संपूर्ण अंधारातील असतो. दुपारच्या बैठकीत त्याचा काही उपयोग नाही.

किती कॉन्ट्रास्ट पुरे, यालाही मान्य मोजमाप आहे. दृक्-श्राव्य क्षेत्रातील ‘इन्फोकॉम’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली तयार केलेल्या अमेरिकी मानकानुसार, वक्त्याच्या बोलण्याला जोड म्हणून चित्र दाखवायचे असेल तर सातास एक इतका फरक हवा. पडद्यावरील मजकूर आणि आकडे वाचून निर्णय घ्यायचा असेल तर पंधरास एक हवा. नकाशे, आराखडे किंवा वैद्यकीय प्रतिमा बारकाईने तपासायच्या असतील तर पन्नासास एक, आणि चित्रपटासारखे दृश्य पाहायचे असेल तर ऐंशीस एक. नेहमीच्या कार्यालयीन बैठकीचे उद्दिष्ट म्हणून पंधरास एक हाच आकडा धरणे योग्य.

खोलीचा हिशेब

खोली तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद आहे असे समजू. लांब बाजूच्या पश्चिम भिंतीला चार फूट रुंद आणि पाच फूट उंच अशा तीन खिडक्या आहेत. पडदा १२० इंची, म्हणजे सुमारे पावणेनऊ फूट रुंद आणि पाच फूट उंच. त्याचे क्षेत्रफळ जवळपास चार चौरस मीटर भरते. प्रोजेक्टर ४,००० ल्युमेनचा आहे. दिव्याची झीज, भिंगावरील धूळ आणि रंग नीट दिसावेत म्हणून निवडलेली सौम्य चित्रपद्धती हे सारे लक्षात घेता प्रत्यक्षात ३,००० ल्युमेन मिळतात असे धरणे सुरक्षित. चार चौरस मीटरवर ३,००० ल्युमेन पसरले की पडद्यावर दर चौरस मीटरला ७५० ल्युमेन पडतात. यालाच ७५० लक्स म्हणतात.

आता खोलीचा उजेड. खिडक्या उघड्या आणि सर्व दिवे चालू असताना पडद्याच्या जागी लक्समीटर ठेवला आणि त्याने ४०० लक्स दाखवले असे समजू. ७५० आणि ४०० मिळून ११५०. त्याला ४०० ने भागले की कॉन्ट्रास्ट तीनास एकच्याही किंचित खाली येतो. नेहमीचे पातळ पडदे ओढले आणि हा उजेड २०० लक्सवर आला, तरी आकडा पाचास एकच्या खालीच राहतो. तो ५० लक्सवर आणता आला तर सोळास एक इतका कॉन्ट्रास्ट मिळतो आणि उद्दिष्ट साध्य होते.

हेच उद्दिष्ट २०० लक्सच्या उजेडात केवळ प्रोजेक्टर बदलून गाठायचे ठरवले, तर पडद्यावर २,८०० लक्स लागतील, म्हणजे प्रत्यक्षात मिळणारे ११,००० हून अधिक ल्युमेन. तसे प्रोजेक्टर बाजारात आहेत, पण ते सभागृहांसाठी असतात. त्यांची किंमत, उष्णता आणि पंख्याचा आवाज बैठकीच्या खोलीला झेपणारा नसतो. खोलीचा उजेड चौथ्या हिश्शावर आणणे यापेक्षा पुष्कळच स्वस्त पडते.

लक्समीटर दुकानांत सहज मिळतो. मोबाइलमधील अ‍ॅपचा आकडा ढोबळ असतो. तरीही पडदे उघडे असतानाचा आणि ओढल्यानंतरचा फरक समजण्यासाठी तो पुरेसा आहे. मोजताना मापकाचे तोंड पडद्याकडून खोलीकडे असावे आणि पडद्याचा मध्य व चारही कोपरे तपासावेत.

सूर्य कोणत्या भिंतीवर?

खोलीतील उजेडाचा सर्वांत मोठा पुरवठादार सूर्यच असल्याने त्याची चाल आधी पाहावी लागते. इंदूर साधारण पावणेतेवीस अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. भारतीय प्रमाणवेळ तेथून पूर्वेला असलेल्या साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते. त्यामुळे इंदूरमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सुमारे साडेबारा वाजलेले असतात. याचा परिणाम असा की कार्यालयीन वेळेच्या उत्तरार्धात पश्चिमेचे ऊन दीर्घकाळ टिकते.

खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन साडेनऊ फूट आत येते. पाच वाजता ते सतरा-अठरा फुटांपर्यंत पोहोचते, म्हणजे आपल्या वीस फुटी खोलीच्या समोरच्या भिंतीजवळ. पूर्वेच्या खिडकीचा त्रास तुलनेने लवकर सरतो. त्याच दिवसांत सकाळी दहा वाजता तेथील ऊन जेमतेम सहा फूट आत असते आणि पुढे मागे सरत जाते. निवड शक्य असेल तेव्हा दुपारच्या बैठकांसाठी पूर्वेच्या खिडक्यांची खोली घ्यावी. हा उपाय फुकट असूनही क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो.

पश्चिमेची खोलीच वापरायची असेल, तर पडदा उत्तरेच्या भिंतीवर लावावा की दक्षिणेच्या, हा प्रश्न उरतो. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे उतरतो, म्हणून त्याचे किरण खोलीत ईशान्येकडे सरकतात. डिसेंबरमध्ये चार वाजता ऊन पंधरा फूट आत येते, शिवाय अकरा-बारा फूट उत्तरेकडे झुकते. अशा वेळी उत्तर भिंतीवरील पडद्यावर थेट ऊन पडू शकते. एप्रिलच्या मध्यानंतर पाच वाजताचा सूर्य वायव्येकडे झुकू लागतो आणि दक्षिण भिंतीची पाळी येते. मात्र जूनच्या उत्तरार्धापासून माळव्यात पावसाचे ढग असतात. वर्षाचा एकूण हिशेब केला तर इंदूरच्या पश्चिमाभिमुख खोलीत दक्षिणेची भिंत पडद्यासाठी अधिक सोयीची ठरते.

दोन भिंती मात्र टाळाव्यात. खिडक्यांच्या समोरच्या भिंतीवर पडदा लावला तर खिडक्यांचा सारा उजेड थेट पडद्यावर येतो. खिडक्यांच्याच भिंतीवर लावला तर पडद्यावर उजेड कमी पडतो हे खरे, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झगझगीत खिडक्या राहतात, बाहुली आक्रसते आणि चांगले चित्रही मंद भासते. खिडक्यांशी काटकोनात असलेली भिंत हीच योग्य.

फटींतून येणारे ल्युमेन

पातळ पांढरे पडदे बैठकीसाठी कुचकामी का ठरतात, हे येथे समजते. ऊन अडवण्याऐवजी ते स्वतःच मोठ्या दिव्यासारखे उजळतात आणि तो उजेड सर्व दिशांना पसरवतात. मागे अपारदर्शक थर असलेले, गुंडाळता येणारे ब्लॅकआउट रोलर पडदे हा खरा उपाय. त्यातही कापडापेक्षा कडेची फट अधिक महत्त्वाची असते.

मावळतीकडे झुकलेल्या उन्हात पश्चिमेच्या काचेवर सुमारे ४०,००० लक्स पडत आहेत असे धरू. पाच फूट, म्हणजे दीड मीटर उंच खिडकीच्या दोन्ही कडांना एकेक सेंटिमीटर फट राहिली, तर फटींचे क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर होते. तेवढ्यातून १,२०० ल्युमेन आत येतात. तीन खिडक्यांचे ३,६०० ल्युमेन झाले. आपल्या प्रोजेक्टरचा प्रत्यक्ष प्रकाशच मुळी ३,००० ल्युमेन आहे. फटींतील सारा उजेड पडद्यावर जात नाही हे खरे, पण पांढऱ्या छतावरून आणि भिंतींवरून उसळी घेऊन त्याचा काही वाटा तिथे पोहोचतोच. म्हणून रोलर पडदा खिडकीच्या चौकटीत बसवण्याऐवजी चौकटीच्या बाहेर, दोन्ही बाजूंनी चार-सहा इंच अधिक रुंद लावावा, किंवा कडा आत सरकतील अशा अ‍ॅल्युमिनियमच्या खाचा बसवून घ्याव्यात. वर पेटीचे आवरण असले की छताकडे जाणारी तिरीपही थांबते.

उष्णतेचा मुद्दा वेगळा आहे. खोलीच्या आत लावलेला पडदा उजेड अडवतो, पण काचेतून आलेली उष्णता तोपर्यंत आत आलेलीच असते. इंदूरच्या उन्हाळ्यात वातानुकूलनाचा भार कमी करायचा असेल तर छज्जा, उभ्या पट्ट्या किंवा बाहेरची जाळी अशी सावलीची सोय काचेच्या बाहेरच करावी लागते. पश्चिमेचे ऊन खालून तिरपे येते, म्हणून तेथे आडव्या छज्ज्यापेक्षा उभ्या पट्ट्या अधिक कामास येतात.

छतातील दिव्यांकडेही याच नजरेने पाहावे. दोन फूट बाय दोन फूट आकाराचा, ३६ वॉटचा एक एलईडी पॅनेल साधारण ३,००० ते ३,६०० ल्युमेन देतो. म्हणजे छतातील प्रत्येक चौकोन प्रोजेक्टरच्याच तोडीचा असतो. असे आठ दिवे एकाच बटणावर असतील, तर बैठकीपुढे दोनच पर्याय राहतात, फिकट चित्र किंवा काळोख. पडद्याजवळच्या रांगेसाठी स्वतंत्र बटण काढून घेणे हे वीजतंत्र्याचे काही तासांचे काम आहे. मागच्या रांगा मंद ठेवून टेबलावर दीडशे-दोनशे लक्स राहिले की लोकांना टिपणे लिहिता येतात आणि पडद्यावरील उजेडही आटोक्यात राहतो.

आता पडद्याचा पृष्ठभाग

एवढे झाल्यावरच पृष्ठभागाचा प्रश्न विचारावा. पडदा किती परावर्तन करतो हे ‘गेन’ या आकड्याने सांगतात. सर्व दिशांना सारखा प्रकाश पसरवणाऱ्या आदर्श पांढऱ्या पृष्ठभागाचा गेन एक मानला जातो. साधा मॅट व्हाइट पडदा याच्या आसपास असतो. तो कोणत्याही खुर्चीवरून सारखा दिसतो आणि रंग खरे दाखवतो. खोलीचा उजेड ५० लक्सवर आणता आला असेल, तर बहुतेक बैठकीच्या खोल्यांना हाच पुरतो.

करड्या पडद्याविषयी बाजारात मोठा गैरसमज आहे. करड्या रंगामुळे काळा अधिक काळा दिसतो हे खरे, पण पांढराही त्याच प्रमाणात मंदावतो. सर्व दिशांना सारखेच परावर्तन करणाऱ्या करड्या पडद्याला प्रोजेक्टरचा प्रकाश कोणता आणि खिडकीचा कोणता हे ओळखता येत नाही. दोन्ही सारखेच कमी होतात आणि भागाकार होता तेवढाच राहतो. आपल्या २०० लक्सच्या खोलीत साधा करडा पडदा लावला, तरी कॉन्ट्रास्ट पाचास एकच्या खालीच राहील. त्याचा खरा उपयोग अंधाऱ्या खोलीत होतो. तेथे पडद्यावरून निघालेला प्रकाश पांढऱ्या भिंतींवरून परतून चित्र फिकट करतो, आणि करडा रंग त्याला आळा घालतो.

उजेडाची निवड करू शकतात ते दिशा ओळखणारे पृष्ठभाग. बाजारात त्यांना एएलआर पडदे म्हणतात. यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला छताला टांगलेल्या नेहमीच्या प्रोजेक्टरसाठी. तो काहीसा आरशासारखा वागतो. समोरून आलेला प्रकाश तो प्रेक्षकांकडे पाठवतो, तर बाजूने आलेला प्रकाश समोरच्या बाजूकडे टोलवतो. दुसरा प्रकार पडद्याच्या अगदी पायथ्याशी ठेवल्या जाणाऱ्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरसाठी. त्यावर करवतीच्या दातांसारख्या आडव्या सूक्ष्म रेघा असतात. दाताची खालची बाजू प्रकाश परतवते, वरची काळी बाजू छतावरील दिव्यांचा उजेड शोषून घेते. या दोहोंची अदलाबदल चालत नाही. छतावरील प्रोजेक्टरपुढे दुसऱ्या प्रकारचा पडदा लावला, तर तो प्रोजेक्टरचाच प्रकाश शोषून घेतो.

यांच्यामुळे किती फरक पडतो? समजा, एखादा पृष्ठभाग प्रोजेक्टरच्या प्रकाशाला ०.८ आणि बाजूच्या खिडकीच्या उजेडाला ०.३ इतकाच गेन देतो. मग ७५० लक्सचे प्रभावी ६०० होतात आणि २०० चे ६०. कॉन्ट्रास्ट अकरास एक, म्हणजे आधीच्या दुपटीहून अधिक. पण हाच उजेड प्रेक्षकांच्या पाठीमागच्या खिडकीतून येत असेल, तर तो प्रोजेक्टरच्याच दिशेने येतो. पडदा त्यालाही ०.८ देतो आणि खर्च वाया जातो. म्हणून माहितीपत्रकात ‘इतके टक्के उजेड रोखतो’ असे लिहिलेले असेल, तर तो कोणत्या दिशेने येणारा उजेड, हे विक्रेत्याला विचारलेच पाहिजे.

दिशा ओळखण्याची किंमतही मोजावी लागते. असा पडदा मधल्या खुर्च्यांना उजळ आणि कडेच्या खुर्च्यांना मंद दिसतो. इंग्रजी यू अक्षराच्या आकारात टेबले मांडली असतील, तर पडद्याजवळच्या टोकाला बसणाऱ्यांना हा फरक सर्वाधिक जाणवतो. ज्या कोनात उजळपणा निम्मा होतो तो कोन माहितीपत्रकात पाहावा आणि खोलीच्या नकाशावर प्रत्यक्ष आखून कोणत्या खुर्च्या त्याबाहेर जातात ते तपासावे. प्रोजेक्टर पडद्याच्या फार जवळ असेल तर मधोमध उजळ डाग पडतो. त्यासाठी पडद्याच्या रुंदीच्या किमान दीडपट अंतर ठेवण्याचा संकेत आहे. आपल्या पडद्यासाठी हे अंतर तेरा फूट होते. काही पृष्ठभागांवर पांढऱ्या भागात बारीक चकाकी दिसते आणि मजकूर वाचताना तीच खुपते.

खरेदीपूर्वीची परीक्षा

विक्रेत्याच्या अंधाऱ्या दालनात पाहून पडदा ठरवू नये. निरनिराळ्या पृष्ठभागांचे वहीच्या पानाएवढे नमुने मागवावेत, पडद्याच्या जागी शेजारी शेजारी चिकटवावेत आणि ज्या वेळी बैठका होतात त्याच वेळी, म्हणजे दुपारी चारला, त्यांवर कार्यालयाचाच एखादा तक्ता दाखवावा. पाहणारे दोघे असावेत, एक मधल्या खुर्चीवर आणि दुसरा सर्वांत कडेच्या. मग जागा बदलाव्यात. तक्त्यातील करडी अक्षरे दोन्ही खुर्च्यांवरून ज्या नमुन्यावर वाचता येतील, तो त्या खोलीचा पडदा.

पडदा लहान करणे हाही एक पर्याय आहे. १२० इंचांऐवजी १०० इंची पडदा घेतला तर तोच प्रकाश कमी जागेवर पडतो आणि ७५० लक्सचे जवळपास १,१०० होतात. मात्र मजकूर वाचायचा असेल तर सर्वांत मागची खुर्ची चित्राच्या उंचीच्या सहापटींपेक्षा दूर नसावी. १२० इंची पडद्याला ही मर्यादा साधारण २९ फूट, १०० इंचीला २४ फूट येते. तीस फुटी खोलीत मागची रांग पुढे घेणे शक्य असेल तरच हा मार्ग चालतो.

गोव्यासाठी हिशेब हाच, पण काही आकडे बदलतात. पणजी साडेपंधरा अंशांवर असल्याने मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. पावसाळ्यात थेट ऊन नसले तरी ढगाळ आकाश सर्व बाजूंनी सारखेच उजळते, म्हणून केवळ पश्चिमेची खिडकी झाकून भागत नाही. दमट हवेत सुती अस्तराच्या ब्लॅकआउट कापडाला बुरशी धरते. तेथे पीव्हीसीचा थर दिलेले काचतंतूंचे कापड अधिक टिकते.

एवढे करूनही काही खोल्या उरतातच. काचेची भिंत झाकण्याची परवानगी नसते, किंवा मार्गिकेचा उजेड अडवता येत नाही. सर्व उपाय करून पडद्यावर १५० लक्सहून अधिक उजेड राहत असेल आणि तो मागून येत असेल, तर कोणताही पृष्ठभाग मदतीला येणार नाही. तेथे ८६ किंवा ९८ इंची एलईडी डिस्प्ले घेणे शहाणपणाचे. त्याचा काळा रंग पांढऱ्या कापडावर अवलंबून नसतो. मात्र त्याच्या काचेत समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब दिसू शकते, त्यामुळे तो कोणत्या भिंतीवर लावायचा हा प्रश्न तेथेही आधीच सोडवावा लागतो.